संदर्भ फोटो डिलीट केले, तरी पात्राला तोच चेहरा येतोय. मग नक्की काय पुसलं गेलं?

रेघोटी

मी चित्रकथा करते. एका कथेतल्या मुख्य पात्रासाठी मैत्रिणीचे फोटो एका चित्रनिर्मिती सेवेवर संदर्भ म्हणून चढवले होते, अर्थात तिला विचारून. चेहऱ्याचे वेगवेगळ्या कोनांतले फोटो दिले की ही सेवा त्यांचं एक ‘पात्र’ तयार करून ठेवते. पुढे प्रत्येक चौकटीत फक्त पात्राचं नाव लिहायचं, चेहरा आपोआप तोच येतो.

कथा पूर्ण झाली. आता मैत्रीण म्हणते की माझे फोटो तिथे राहायला नकोत, आणि तिचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. अपलोडच्या यादीत जाऊन सगळे फोटो डिलीट केले. यादी रिकामी दिसते. मग खात्री करायला जुन्या प्रॉम्प्टमध्ये पात्राचं नाव टाकून एक चित्र मागवलं, तर हुबेहूब तिचाच चेहरा आला. डाव्या भुवईतली बारीक फट सुद्धा जशीच्या तशी!

मला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. फोटो सर्व्हरवरून खरंच गेले का, आणि ते तपासता येतं का? फोटो नसताना चेहरा कुठून येतो? आणि ते फोटो मॉडेलच्या ट्रेनिंगला वापरले का, हे अटींमध्ये नेमकं कुठे शोधायचं? अटींचं पान वाचायला घेतलं, पण चार पानांनंतर काहीच लक्षात राहत नाही.

---

सरळमार्गी

इतकं अवघड नाहीये. सेटिंगमध्ये ‘मॉडेल सुधारण्यासाठी माझा डेटा वापरा’ असा खटका असतो, तो बंद करा. मग अकाउंटच डिलीट करून टाका. 30 दिवसांत सगळं पुसणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. मी नेहमी असंच करतो.

---

जुना पेटारा

माझाही असाच प्रश्न आहे. घरातला एक जुना कृष्णधवल फोटो रंगीत करून घेतला. मूळ फोटो फाटका होता, आता छान झालाय. तर या नव्या चित्राचा मालक कोण, मी की ती कंपनी? छापून घेतला तर चालेल ना?

---

तळघर

पेटारा, तुमचा प्रश्न तयार झालेल्या चित्राच्या हक्काचा आहे. इथे बोलणं चाललंय ते आत गेलेल्या फोटोचं. त्यावर वेगळा धागा काढलात तर बरं, तिथे नक्की लिहीन.

रेघोटी, मी बरीच वर्षं फाइल साठवणाऱ्या यंत्रणांवर काम करतोय, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. तो सुटला की बाकीचे सोपे होतात.

तुम्ही फोटो चढवता तेव्हा सर्व्हरवर एकच वस्तू तयार होत नाही. मूळ फाइल असते. यादीत दाखवायला तिची छोटी प्रतिमा बनते. मॉडेलला द्यायला ठरावीक मापात कापलेली आणखी एक प्रत बनते. आक्षेपार्ह काही नाही ना हे तपासणाऱ्या यंत्रणेकडे एक प्रत किंवा निदान नोंद जाते. आणि ‘पात्र’ बनवलं असेल तर चेहऱ्यातून काढलेली एक वेगळीच वस्तू तयार होते.

या शेवटच्या वस्तूचे साधारण दोन प्रकार असतात. एक म्हणजे एम्बेडिंग, म्हणजे चेहऱ्याचं वर्णन करणाऱ्या आकड्यांची लांब रांग. चेहरा ओळखणाऱ्या बऱ्याच मॉडेलमध्ये ती 512 आकड्यांची असते, फाइल अगदी चिमुकली. दुसरा प्रकार म्हणजे लोरा: तुमच्या फोटोंवर खरोखर थोडंसं ट्रेनिंग करून मूळ मॉडेलला जोडायची एक पुरवणी फाइल बनवतात. ती बहुधा काही मेगाबाइट ते शे-दोनशे मेगाबाइटची असते. पात्र तयार व्हायला काही मिनिटं थांबावं लागलं असेल तर बहुतेक लोरा, लगेच तयार झालं असेल तर बहुतेक एम्बेडिंग. ही ओळख अगदी पक्की नाही, पण अंदाजाला पुरते.

तुम्ही यादीतून फोटो काढलेत. पात्र काढलं नाहीत. चित्र काढताना त्या सेवेला आता फोटोंची गरजच उरलेली नाही, पात्राची फाइल पुरेशी आहे. म्हणून भुवईतली फट टिकली.

आणि ‘फोटो नाही, नुसते आकडे आहेत’ असं कोणी सांगितलं तर त्यावर निर्धास्त होऊ नका. अशा आकड्यांवरून मूळ चेहऱ्याच्या बरंच जवळ जाणारं चित्र परत उभं करता येतं, हे संशोधनात दाखवलेलं आहे.

---

रेघोटी

थांबावं लागलं होतं! चहा करून येईपर्यंत पात्र तयार होत होतं. म्हणजे लोरा असणार. पात्रांच्या पानावर गेले, तिथे ‘संग्रहात हलवा’ आणि ‘डिलीट’ असे दोन पर्याय आहेत. डिलीट केलं. आता ते नाव टाकलं तर कुणा भलत्याच बाईचा चेहरा येतो. हे एक काम झालं.

फोटोंचं मात्र अजून कळलेलं नाही.

---

सरळमार्गी

मी एक तपासणी सुचवतो. फोटो डिलीट करायच्या आधी त्याच्या चित्रावर राइट क्लिक करून थेट लिंक कॉपी करून ठेवायची. डिलीट केल्यावर टर्मिनलमध्ये ही कमांड द्यायची:

```
curl -I "कॉपी केलेली लिंक"
```

403 आलं की समजायचं, फाइल गेली. मी माझ्याकडच्या सेवेवर आत्ताच करून पाहिलं. डिलीट केल्याच्या दुसऱ्या मिनिटाला 403. काम फत्ते.

---

तळघर

सरळमार्गी, लिंक आधी कॉपी करायची ही कल्पना अगदी बरोबर आहे. निष्कर्ष मात्र चुकतोय. हीच कमांड न डिलीट केलेल्या फोटोवर चालवून बघा.

---

सरळमार्गी

चालवली. तिथेही 403 येतोय, आणि तो फोटो तर समोर दिसतोय. हे कसं काय?

---

तळघर

तुमच्या लिंकच्या शेपटीत `X-Amz-Expires=3600` आणि `X-Amz-Signature=` असं काही दिसतंय का? दिसत असेल तर ती सही केलेली तात्पुरती लिंक आहे. ती सही फक्त ‘फाइल द्या’ या विनंतीपुरती असते. `curl -I` फाइल मागत नाही, नुसती तिच्याबद्दलची माहिती मागते. विनंतीचा प्रकार बदलला की सही जुळत नाही आणि सर्व्हर 403 म्हणजे ‘परवानगी नाही’ असं उत्तर देतो. फाइल जिवंत असो वा मेलेली, उत्तर तेच.

त्यापेक्षा लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा. खासगी अशासाठी की नेहमीच्या खिडकीत ब्राउझरने स्वतःजवळ ठेवलेली जुनी प्रतच दिसू शकते. टर्मिनलच हवं असेल तर `-I` काढून टाका आणि काय उत्तर येतं ते वाचा:

```
curl -s "कॉपी केलेली लिंक" | head -c 300
```

उत्तर बहुधा तीनपैकी एक असतं. चित्र दिसलं, किंवा टर्मिनलवर अगम्य अक्षरं सांडली, तर फाइल अजून आहे. `NoSuchKey` आलं तर त्या जागी आता फाइल नाही. आणि `Request has expired` आलं तर फक्त लिंकची मुदत संपली, फाइलबद्दल काहीच कळलं नाही. 3600 म्हणजे सेकंद, म्हणजे एक तास. तेवढ्या वेळातच पाहून घ्यायचं. अशा लिंकला जास्तीत जास्त 604800 सेकंद म्हणजे सात दिवसांची मुदत देता येते, पण इतकी लांब मुदत फार कोणी देत नाही. (नुसतं `AccessDenied` आलं आणि मुदतीचा उल्लेख नसेल तर ठरवता येत नाही. काही ठिकाणी नसलेल्या फाइललाही हेच उत्तर मिळतं.)

सगळ्या सेवा ॲमेझॉनच्याच साठवणीवर नसतात, दुसरीकडे शब्द वेगळे असतील. पण ‘फाइल नाही’ आणि ‘लिंक संपली’ यांतला फरक सगळीकडे पाहावा लागतो.

रेघोटी, मैत्रिणीचा फोटो यासाठी पुन्हा चढवू नका. खुर्चीचा, भिंतीचा, कशाचाही फोटो चालेल.

---

रेघोटी

केलं. रिकाम्या खुर्चीचा फोटो चढवला, लिंक घेतली (शेपटीत 3600 आहे), फोटो डिलीट केला आणि खासगी खिडकीत लिंक उघडली. खुर्ची दिसली. दहा मिनिटांनी दिसली, अर्ध्या तासानेही दिसली. तास झाल्यावर `Request has expired`.

आणखी एक गोष्ट सापडली. डिलीट करण्याआधी त्या खुर्चीवरून एक चित्र बनवून घेतलं होतं. त्या चित्राच्या तपशिलाच्या पानावर ‘वापरलेले संदर्भ’ असा एक कोपरा आहे, आणि खुर्चीची छोटी प्रतिमा तिथे अजून आहे! पान परत उघडलं की तिची नवी लिंक मिळते. हे बघून खरं सांगते, माझं डोकं तापलं. मैत्रिणीचे फोटो टाकून बनवलेली चित्रं माझ्या गॅलरीत कितीतरी आहेत.

---

तळघर

फार कामाचं सापडलं तुम्हाला. अपलोडची यादी आणि चित्रांचा इतिहास ही दोन वेगळी टेबलं असतात. यादीतली ओळ गेली तरी इतिहासातली ओळ त्या फाइलकडे बोट दाखवतच राहते. ज्या चित्रांत ते संदर्भ वापरलेत ती चित्रंही काढावी लागतील. तुम्हाला ती हवी असतील तर आधी उतरवून घ्या.

मूळ फाइल अर्धा तास दिसत राहिली याचा अर्थ कंपनी लबाडी करतेय असा लगेच लावू नका. बहुतेक ठिकाणी डिलीट म्हणजे आधी एक खूण करणं असतं, ‘ही वस्तू वापरकर्त्याला दाखवू नका’ एवढीच. खरं पुसण्याचं काम नंतर एखादा प्रोग्रॅम ठरावीक अंतराने करतो. चुकून डिलीट केलं म्हणून रडत येणारे लोक रोज असतात, त्यांच्यासाठी ही सोय ठेवलेली असते. प्रश्न एवढाच की तो प्रोग्रॅम खरंच चालतो का आणि किती दिवसांनी. ते बाहेरून कळत नाही, विचारावं लागतं.

आणि `NoSuchKey` आलं तरी मी शंभर टक्के निश्चिंत होणार नाही. साठवणीत आवृत्त्या ठेवायची सोय चालू असेल तर डिलीट केल्यावर नुसती ‘डिलीट झालं’ अशी चिठ्ठी लावली जाते, जुनी आवृत्ती खाली शाबूत असते. बाहेरून पाहणाऱ्याला तरीही ‘फाइल नाही’ असंच उत्तर मिळतं. शिवाय बॅकअप वेगळे. थोडक्यात, या तपासणीने फाइल ‘आहे’ हे सिद्ध होतं. ‘नाही’ हे सिद्ध होत नाही.

---

कलमवाचक

तिसऱ्या प्रश्नाला मी हात घालते. करार वाचणं हेच माझं रोजचं काम आहे.

अटी पहिल्या ओळीपासून वाचू नका, दमायला होतं. आधी व्याख्या शोधा. ‘तुमचा मजकूर’ या शब्दात काय काय धरलंय ते पाहा. कित्येक ठिकाणी बाहेर आलेल्या चित्राबद्दल ‘हे तुमचं’ असं ठळक लिहिलेलं असतं, आणि आत दिलेल्या फोटोचा नियम दुसऱ्याच परिच्छेदात असतो. रेघोटींच्या बाबतीत तर तिसरी वस्तूही आहे, पात्राची फाइल. ती ‘तुमचा मजकूर’ आहे की ‘सेवेने तयार केलेला डेटा’, यावर पुढचं सगळं ठरतं.

मग परवान्याचं कलम. तुम्ही कंपनीला फोटो वापरण्याचा परवाना देता, तो तर द्यावाच लागतो, नाहीतर ती फोटोची प्रतही बनवू शकणार नाही. पाहायचं ते कशासाठी देता. ‘सेवा चालवण्यासाठी’ एवढंच असेल तर ठीक. ‘सेवा विकसित करण्यासाठी व सुधारण्यासाठी’ असं पुढे आलं की ट्रेनिंगला दार उघडलं, मग ट्रेनिंग हा शब्द तिथे असो वा नसो. त्यालाच ‘कायमस्वरूपी’ आणि ‘मागे न घेता येणारा’ ही विशेषणं लागली असतील तर अकाउंट बंद केल्यानेही परवाना संपत नाही. शेवटी ‘करार संपल्यावरही लागू राहणारी कलमं’ अशी एक ओळ असते. त्या यादीत परवान्याच्या कलमाचा क्रमांक आहे का, तेवढं जुळवून बघा. ही एक ओळ बहुतेक जण वगळतात.

मात्र कलमात परवानगी आहे म्हणजे कंपनी तसं करतेच असंही नाही. 2025 च्या जुलैमध्ये फाइल पाठवण्याच्या वीट्रान्सफर या सेवेने अटी बदलल्या आणि त्यांत मशीन लर्निंग मॉडेल सुधारण्याचा उल्लेख आला. लोक भडकले. कंपनीने सांगितलं की आम्ही फाइल ट्रेनिंगला वापरत नाही, आणि ते शब्दच काढून टाकले. पण ते शब्द राहिले असते तर उद्या नव्या मालकाला त्याच कलमाखाली तसं करता आलं असतं. म्हणून मी कंपनीचा खुलासा वाचते, पण विश्वास कलमावर ठेवते.

सरळमार्गींनी सांगितलेला खटका जरूर बंद करावा. त्याच्या मर्यादा दोन. तो सहसा पुढच्यासाठी असतो, आधी जे घेतलं गेलं ते परत येत नाही. आणि तो ट्रेनिंगपुरता असतो, साठवणीपुरता नाही. ओपनएआयचं उदाहरण घ्या. 1 मार्च 2023 पासून त्यांच्या एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनी थेट जोडून घ्यायच्या मार्गाने, आलेला डेटा मुळातच ट्रेनिंगला घेतला जात नाही, तरी गैरवापर तपासायच्या नोंदी 30 दिवसांपर्यंत ठेवल्या जातात. गूगलच्या जेमिनी ॲपमध्ये इतिहास बंद ठेवला तरी संभाषण 72 तासांपर्यंत राहतं, आणि माणसांनी तपासायला निवडलेला भाग खात्यापासून वेगळा करून तीन वर्षांपर्यंत ठेवता येतो, तुम्ही तुमच्याकडून पुसलंत तरी. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं आहे. फक्त ते अटींमध्ये नसतं, मदतीच्या पानावर असतं.

---

सरळमार्गी

खटक्याचं मान्य. पण 30 दिवसांचा कायदा तर आहे ना? मी नक्की वाचलंय.

---

कलमवाचक

तुम्ही वाचलेलं बहुधा युरोपच्या जीडीपीआरमधलं असावं. त्यात कलम 17 खाली पुसण्याची मागणी करता येते, आणि अशा मागणीवर काय केलं हे कंपनीने एका महिन्यात कळवायचं असतं. गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिने घेता येतात. म्हणजे ती उत्तर देण्याची मुदत झाली. शिवाय पुसण्याच्या हक्काला अपवाद आहेत, आणि तुम्ही किंवा कंपनी त्या कायद्याच्या कक्षेत असायला हवी.

आणि कधी कधी कंपनीला इच्छा असूनही पुसता येत नाही. 2025 च्या मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात कोर्टाने ओपनएआयला आदेश दिला की एरवी पुसल्या जाणाऱ्या संभाषणांच्या नोंदीही जपून ठेवा. सप्टेंबरअखेरीस ते बंधन उठलं. त्या काळात सामान्य वापरकर्त्याने डिलीट दाबलेलं संभाषण खरोखर पुसलं जात नव्हतं. म्हणूनच धोरणात ‘कायद्याने आवश्यक असेल तेव्हा वगळून’ असे शब्द असतात. ते पोकळ शब्द नाहीत.

एक महत्त्वाचं राहिलं. रेघोटी, ही मागणी तुमच्या मैत्रिणीलाही करता येते. खातं तुमचं असलं तरी चेहरा तिचा आहे. उलट बहुतेक अटींमध्ये फोटो चढवणाऱ्याकडून ‘फोटोतल्या सगळ्यांची संमती माझ्याकडे आहे’ असं लिहून घेतलेलं असतं. तिने संमती मागे घेतली हे तुमच्या पत्रात स्पष्ट लिहा, कंपनीला त्याकडे दुर्लक्ष करणं जड जातं.

---

पडद्यामागे

वाचतोय, एक शंका आहे. समजा ते फोटो मोठ्या मॉडेलच्या ट्रेनिंगला गेलेच, तर काय फरक पडतो? अब्जावधी चित्रांत चार फोटो. मॉडेल फोटो साठवत नाही, शिकतं. मैत्रिणीचा चेहरा त्यातून कोणाला काढता येणार आहे? मला ही भीती अवाजवी वाटते.

---

तळघर

निम्मं पटतं. 2023 च्या सुरुवातीला संशोधकांनी स्टेबल डिफ्यूजन या चित्र बनवणाऱ्या मॉडेलमधून ट्रेनिंगमधली चित्रं जवळजवळ जशीच्या तशी बाहेर काढून दाखवली होती. ट्रेनिंगच्या संचात सगळ्यात जास्त वेळा आलेली साडेतीन लाख चित्रं त्यांनी निवडली, आणि त्यांतून हाती लागली ती शंभराच्या आसपास. म्हणजे तुमचं म्हणणं बहुतेक फोटोंना लागू आहे. पण एकच चित्र पुन्हा पुन्हा आलं की धोका वाढतो, आणि पात्र बनवायला नेमकं तेच करतात: एकाच चेहऱ्याचे अनेक फोटो, सोबत एकच नाव. मोठ्या मॉडेलपेक्षा लोराची काळजी मला जास्त वाटते ती यामुळेच. तिथे चेहरा बाहेर काढायला कसली युक्ती लागतच नाही, तो काढण्यासाठीच ती फाइल बनवलेली असते.

---

पडद्यामागे

लोराचं कबूल. मोठ्या मॉडेलबद्दल माझं मत अजून तेच आहे. एकदा शिकून झाल्यावर चार फोटो त्यातून ‘काढणं’ शक्यही नाही, मग मागणी करून काय उपयोग?

---

कलमवाचक

शक्य नाही असं म्हणून सुटता येत नाही, निदान प्रत्येक वेळी नाही. एव्हर नावाचं फोटो साठवण्याचं ॲप होतं, कंपनी एव्हरअल्बम. खातं बंद केलं की फोटो पुसू असं ते लोकांना सांगत, प्रत्यक्षात ते ठेवून देत. शिवाय लोकांच्या फोटोंवरून चेहरा ओळखणारं तंत्र तयार केलं होतं. अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने 2021 मध्ये जो समझोता केला त्यात नुसते फोटो पुसायला सांगितलं नाही. संमतीशिवाय काढलेली चेहऱ्याची एम्बेडिंग्ज आणि त्या फोटोंवर बनवलेली मॉडेलं, अल्गोरिदम, तेही पुसायला लावले. एकेक फोटो काढता येत नसेल तर अख्खं मॉडेल जातं, असा तो मार्ग झाला.

अर्थात तिथे सरकारी यंत्रणा मागे लागली होती. एका माणसाच्या पत्रावर कोणी मॉडेल पुसणार नाही, हेही खरं.

---

जुना पेटारा

आता नीट समजलं की मी भलतंच विचारत होतो. पण वाचून घाबरायला झालं. माझा तो फोटो फोनवरून स्कॅन केलेला होता. त्याबरोबर आणखी काही गेलं असेल का?

---

तळघर

फोनने काढलेल्या फोटोत एक्झिफ नावाची नोंद असते: वेळ, फोनचं मॉडेल, आणि कॅमेऱ्याला जागेची परवानगी दिली असेल तर अक्षांश-रेखांश. स्कॅनिंगच्या ॲपने तो भाग बरेचदा काढलेला असतो, बघून घ्या. पुढच्या वेळी चढवण्याआधी:

```
exiftool -all= photo.jpg
```

याने नोंद निघते, आणि जुनी फाइल `photo.jpg_original` या नावाने शेजारी राहते. चढवताना ती उचलू नका. एक बारकावा सांगतो. काही प्रोग्रॅम फोटो कापला तरी एक्झिफमध्ये न कापलेली छोटी प्रतिमा तशीच ठेवतात, म्हणजे कापून टाकलेला माणूस त्या छोट्या प्रतिमेत उरू शकतो. वरच्या कमांडने तीही जाते.

---

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. चित्रं उतरवून घेतली आणि तिचे संदर्भ असलेली सगळी गॅलरीतून काढली. कंपनीला पत्र लिहिलं, मैत्रिणीनेही तिच्या नावाने वेगळं लिहिलं. मी विचारलं ते असं: मूळ फोटो, कापलेल्या प्रती आणि पात्राची फाइल कधी पुसली जाते? बॅकअपमध्ये किती दिवस राहतं? तपासणीसाठी माणसांकडे काही गेलं का? चित्र बनवायला दुसऱ्या कंपनीचं मॉडेल वापरता का, आणि तिच्याकडे काय राहतं? हे फोटो कुठल्या ट्रेनिंग संचात गेले का, आणि गेले असतील तर कोणत्या तारखेच्या?

उत्तर आलंय. फोटो आणि पात्राची फाइल डिलीट केल्यापासून 30 दिवसांत पुसतात, बॅकअप त्यानंतर आणखी 60 दिवसांत फिरून जातात. तपासणीसाठी खूण झालेलं नव्हतं. दुसऱ्या कंपनीबद्दल एक यादी पाठवली आहे, पण तिच्याकडे किती काळ राहतं ते लिहिलेलं नाही. ट्रेनिंगबद्दल फक्त एवढंच: ‘तुमच्या खात्यावर हा पर्याय आता बंद आहे.’

---

कलमवाचक

‘आता’ या शब्दाने काम होत नाही. पर्याय कधीपासून बंद आहे आणि तुम्ही फोटो चढवले तेव्हा तो चालू होता का, हे विचारा. खात्याच्या सेटिंगमध्ये बदलाची तारीख दिसत नसेल तर तीच मागा. मैत्रिणीच्या पत्राला वेगळं उत्तर आलं का?

---

रेघोटी

तिला अजून आलेलं नाही. तारखेचं आजच विचारते. बॅकअपची मुदत संपली की खुर्चीची लिंक मिळतेय का हेही पाहीन, पण तो इतिहासातला कोपरा मी खुर्चीपुरता मुद्दाम ठेवलाय. तो ठेवल्यामुळे फाइल जिवंत राहील का?

---

तळघर

राहू शकते, आणि मग चाचणीच बिघडते. खुर्चीचे दोन फोटो ठेवा. एकाचा इतिहास पूर्ण काढा, दुसऱ्याचा ठेवा. इतिहास ठेवलेल्याची मूळ फाइल 30 दिवसांनंतरही उघडली, तर इतिहासात दिसणाऱ्या फाइल ते पुसत नाहीत हे कळेल. पहिल्याबद्दल मात्र त्यांच्या शब्दावरच राहावं लागेल, कारण त्याची नवी लिंक तुम्हाला कुठूनच मिळणार नाही.